गळ्याची शपथ

आमचे हे पहिल्यांदा ती गोष्ट बोलले, तेव्हा मी सुपात तांदूळ निवडत होते आणि माझं अर्धं लक्ष खड्यांकडे होतं. श्रावण सरत आला होता. लोणावळ्याजवळच्या आमच्या औंढ्यात त्या दिवसांत ऊन कसं असतं ते विसरायला होतं. धुकं दारातून आत येऊन बसतं, अंथरुणं दमट लागतात, धुतलेल्या कपड्यांचा कुबट वास जात नाही. हे समोर बसून कुणाचा तरी मिक्सर उघडत होते. त्यांचा धंदाच तो. लोणावळ्यातल्या बंगल्यांत आणि हॉटेलांत लाइटची कामं करायची, आणि गावात कुणाचा पंखा, कुणाची मोटर फुकटात नीट करून द्यायची. गावाचे मिक्सर गरगर फिरतात आणि आपल्या घरी मात्र पावसाळाभर पाट्यावर वाटायचं, यावर माझं भाषण चालू होतं.

भाषणाच्या मध्येच त्यांनी हातातलं खाली ठेवलं. म्हणाले, "मला आता जगावंसंच वाटत न्हाई गं. मरावं वाटतंय."

आमटीत मीठ कमी पडलंय, असं सांगावं तशा आवाजात.

मी घाबरले. आणि मी घाबरले की मला राग येतो, ही माझी लहानपणापासूनची तऱ्हा. कुत्रं अंगावर आलं तर मी पळत नाही, त्याला शिव्या घालते. सूप बाजूला सारून मी सुरू झाले. "काय कमी हाय तुमाला? घर हाय, शेत हाय, लेक पुण्यात शिकतीया. हातपाय धड हायेत. लोकांस्नी बघा जरा." ते ऐकून घेत होते. त्यांचं ऐकून घेणं मला जास्तच झोंबलं. मग मी ते केलं, जे आमच्याकडे कुठलीही गोष्ट मिटवायची असली की करतात. शपथ घातली.

आमच्या गावात गळ्याच्या शपथेवर अर्धे संसार चालतात. दारू सोडवायची, शपथ. भावाभावांतली भांडणं मिटवायची, शपथ. गुपित राखायचं, शपथ. घेणाऱ्यानं गळ्याची कातडी चिमटीत धरायची आणि ज्याच्या गळ्याची असेल त्याचं नाव घ्यायचं. मोडली तर त्याच्या जिवाचं बरंवाईट होतं. आणि ज्यानं घातली त्यानंच 'सुटली' म्हणेपर्यंत ती सुटत नाही. लहानपणी आम्ही दिवसभर एकमेकींना शपथा घालायचो आणि दिवेलागणीला सोडवून घरी जायचो. मोठेपणी सोडवायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

"माझ्या गळ्याची शपथ हाय," मी म्हणाले. "ह्या घरात परत हे बोलायचं न्हाई. घ्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग गळ्याची कातडी चिमटीत धरली. "तुज्या गळ्याची शपथ. न्हाई बोलनार."

मी सूप पुढे ओढलं आणि उरलेले तांदूळ निवडले. मोठं संकट टळलं असं मला वाटलं होतं, हे लिहायला आजही हात कचरतो.

त्यानंतर घरात फार शांतता झाली. तशी ती आधीपासूनच उतरत होती, मला दिसली नव्हती. आषाढात भाताच्या आवणीच्या, रोपं लावायच्या वेळी हे बांधावर नुसते बसून राहिले होते आणि मी त्यांना चार बायकांदेखत आळशी म्हणाले होते. जेवण अर्ध्यावर आलं होतं. पहाटे अंधारातच जाग यायची, मग पडवीत जाऊन बसायचे. कामाला बोलावलं तर 'उद्या बगू' म्हणायचे. सासूबाईंनी दोनदा दृष्ट काढली. मिरच्या जळाल्या पण ठसका लागला नाही, म्हणून दृष्टच आहे असं ठरलं. मी कार्ल्याच्या डोंगरावर जाऊन देवीला नारळ दिला. सगळं केलं, एक त्यांना विचारायचं सोडून. आणि विचारायची सोय मीच बंद केली होती.

गणपती गेले आणि हे एकदम कामाला लागले. मला किती बरं वाटलं. गावातल्या लोकांच्या पडून राहिलेल्या वस्तू त्यांनी एकेक करून नीट केल्या आणि घरोघर पोचवल्या. पडवीतल्या बोर्डावर बटणाखाली चिकटपट्ट्या लावल्या, कुठलं बटण कशाचं ते लिहून. मग मला विहिरीवर नेलं आणि मोटर कशी चालू करायची, स्टार्टर पडला तर काय करायचं, ते पुन्हा पुन्हा दाखवलं.

"मला कशाला दाखवताय? तुमी हाय की," मी म्हणाले.

"ध्यानात असावं," ते म्हणाले.

मला कौतुक वाटलं. आमच्या जावेला मी म्हणालेसुद्धा, बघ, शपथेला मान देणारा माणूस आहे. तिनं मान डोलावली. त्या दिवशी विहिरीत खाली पाणी काळं दिसत होतं आणि हे माझ्या मागे उभे राहून मी बटण बरोबर दाबते का ते बघत होते. ते बघणं मला आजही मधूनच आठवतं, आणि मी हातातलं काम टाकून त्यांना शोधायला जाते.

मी लोणावळ्यात एका चिक्कीच्या दुकानात पॅकिंगला आहे. भट्टी मागे असते, पाक उकळत असतो, आम्ही बायका पुढे डबे भरत असतो. एक दिवस दुपारी धाकट्या दिरांचा फोन आला. ते गावातच शेजारच्या घरात राहतात.

"वैनी, तुमी दादाला काय बोललात का?"

"मी रोजच बोलते. काय झालं?"

"त्यानं पकड, टेस्टर, ड्रिल मशीन, सगळी पिशवी मला आणून दिली. म्हनला, तुला ऱ्हाऊ दे, मला आता लागायची न्हाई."

ती पिशवी हे कुणाला हात लावू देत नसत. लेकीनं लहानपणी पकडीनं अक्रोड फोडला होता, तर दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते. माझ्या डोक्यात एकामागून एक सगळं जुळत गेलं. पोचवलेल्या वस्तू. चिकटपट्ट्या. मोटर. हा माणूस बरा झाला नव्हता. हा आवरून ठेवत होता.

"आत्ता कुटंयत?" मी विचारलं.

"पडवीत."

"जावा आन त्यांच्याजवळ बसा. मी येईपातुर हलू नका. काम काढा कायतरी, मोटर बिघडलीया म्हना."

"वैनी, हत्यारं माज्याकडं हायेत."

"मग हत्यारं घिऊन बसा," मी ओरडले. सगळ्या बायका वळून बघायला लागल्या.

आणि मग मला कळेना की पुढे काय करायचं. घरी जाऊन करणार काय? आणखी एक शपथ घालणार? सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायला मी आरोग्य केंद्रात जाते, तिथल्या भिंतीवर सरकारच्या मोफत हेल्पलाइनचा कागद लावलेला होता. मनाचा त्रास असेल तर फोन करा, असं काहीतरी. रांगेत उभं राहून वेळ जाईना म्हणून मी त्याचा फोटो काढला होता, आणि काढताना 'हे शहरातल्या लोकांचं' असं मनातल्या मनात म्हणालेही होते. भट्टीच्या मागे जाऊन तो नंबर लावला. पाकाच्या वाफेनं डोळ्यांतून पाणी येत होतं, निदान मी तसं समजत होते.

एका बाईंनी उचलला. त्यांनी माझं नाव-गाव नंतर विचारलं. आधी विचारलं, "ते आत्ता एकटे आहेत का?" दीर आहेत, म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "छान केलंत." मग शांतपणे एकेक विचारत गेल्या. झोप, जेवण, पूर्वी कधी असं काही केलंय का, दारू पितात का. "मरायचा विचार ते बोलून दाखवतात? कसं करायचं, हे त्यांनी ठरवलंय असं वाटतं तुम्हाला?"

"मला काय म्हाईत न्हाई. मी त्यांना शपथ घातलीया, बोलायचं न्हाई म्हनून."

मी वाट बघत होते, आता ही मला बोलणार. मला कुणीतरी बोलायला हवंच होतं.

"तुम्ही घाबरला होतात," त्या म्हणाल्या. "पण आता ती शपथ सोडवावी लागेल, आणि त्यांना सरळ शब्दांत विचारावं लागेल. मरायचे विचार येतात का, असंच. आडून नको. विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात येत नाही. असलेला बाहेर येतो, आणि माणसाला हलकं वाटतं."

"आन व्हय म्हनाले तर?"

"तर वाद घालू नका, समजूत घालू नका. ऐका. एकटं सोडू नका. फवारणीची औषधं, घरातल्या गोळ्या, धोक्याचं जे असेल ते त्यांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. आणि उद्यावर ढकलू नका, आजच दवाखान्यात न्या. यायला तयार नसले तर तिथूनच फोन लावा, आम्ही त्यांच्याशी बोलू."

रिक्षानं मी गावाकडे निघाले. रस्त्याच्या वळणावर चार माणसं घोळक्यानं उभी दिसली आणि मी रिक्षातून बाहेर वाकले. ती मक्याच्या कणसांचा भाव करत होती. पुढे आमच्या आळीच्या तोंडाशी एक बाई पदर तोंडाला लावून उभी होती. तिला सर्दी झाली होती. त्या रस्त्यावर मी नवऱ्याला किती वेळा मारलं आणि किती वेळा जिवंत केलं, त्याला गणती नाही.

हे पडवीत बसले होते. शेजारी दीर, मांडीवर हत्यारांची पिशवी घेऊन, पाहुण्यासारखे अवघडून. मला अवेळी आलेली बघून ह्यांनी विचारलं, "दुकान बंद हाय का आज?"

मी त्यांच्यासमोर खाली बसले. गळ्याला हात लावला आणि म्हणाले, "सुटली."

"काय सुटली?"

"शपथ. मी घातलेली. सोडली मी ती." मग, त्या बाईंनी सांगितलं होतं तसं, सरळ विचारलं. "तुमच्या मनात मरायचं येतं का?"

दीर उठून अंगणात गेले. समोर शेतात भात पोटरीला आलं होतं आणि त्यावर धुकं उतरत होतं.

"रोज येतंय," हे म्हणाले. "उठल्यापासनं येतंय."

"मग बोलला का न्हाई?" माझ्या तोंडून गेलंच. मूर्खासारखा प्रश्न.

त्यांनी वर बघितलं. "तुज्या गळ्याची हुती की. मी बोललो आसतो आन तुला काय झालं आसतं तर?"

म्हणजे हा माणूस स्वतः मरायच्या तयारीत बसला होता आणि मला जगवण्यासाठी तोंड मिटून होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी माझ्या हातानं त्याला दिला होता. मी रडले. ते रडले नाहीत, त्यांना रडूही येत नव्हतं तेव्हा. पण त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि मी पुढचं विचारलं, कसं करायचं ते ठरवलं होतं का. ठरवलं होतं. ते त्यांनी सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. ते ऐकलेली माणसं आम्ही आणि डॉक्टर, एवढी पुरेत. मी हाक मारल्यावर दिरांनी लगेच जे हलवायचं ते हलवलं, फवारणीची औषधं स्वतःच्या घरी नेऊन कुलपात ठेवली, आणि गाडी काढली.

सासूबाई दारात आडव्या झाल्या. "येड्यांच्या दवाखान्यात न्हेतीस माज्या लेकाला? गावात त्वांड दाखवायला जागा ऱ्हाईल का? झाकली मूठ ऱ्हाऊ दे."

"आई, मूठ झाकून झाकून मानूस हातातनं जाईल," मी म्हणाले. "तुमी बी चला पायजे तर."

त्या आल्या नाहीत. पण गाडी निघताना खिडकीतून त्यांनी ह्यांच्या हातात भाकरीचं फडकं दिलं.

पुण्याच्या सरकारी दवाखान्यात आम्ही पोचलो तेव्हा दिवे लागले होते. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी आधी ह्यांना एकट्याला आत घेतलं. दार बंद झालं. बाकड्यावर बसून मी त्या दाराकडे बघत होते आणि आत हे माझ्याबद्दल काय सांगत असतील याची मला भीती वाटत होती. ते मरतील याची भीती एकीकडे, आणि माझं नाव घेतील याची दुसरीकडे. माणूस असा असतो.

मग मला बोलावलं. डॉक्टर म्हणाले, हा डिप्रेशनचा आजार आहे, चांगलाच वाढलेला आहे, आणि विचार ठरवण्यापर्यंत गेले आहेत म्हणून काही दिवस इथे ठेवू. सोबत घरचं माणूस लागेल. गोळ्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे जातात, पहिल्या दिवसांत धीर सोडू नका.

"तुमी त्यांच्याकडनं शब्द घ्या ना," मी म्हणाले. "तुमचं ऐकतील. काय करनार न्हाई असा."

"शब्दावर आम्ही विसंबत नाही," डॉक्टर म्हणाले. "शब्द देऊन माणूस गप्प बसतो. त्यापेक्षा विचार आला तर काय करायचं, ते त्यांच्याशी बसून ठरवू."

आणि पुढच्या दिवसांत तसं ते ठरवलं. विचार यायला लागला की आधी कसं कळतं? ह्यांना पहाटे छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं, ते. मग स्वतः काय करायचं? उठून गोठ्यात जायचं, म्हशीला वैरण घालायची. तरी नाही गेलं तर कुणाला सांगायचं? मला, मग दिरांना. तरी नाही गेलं तर हेल्पलाइन, आणि मग सरळ दवाखाना. मी ऐकत बसले होते. मी एका चिमटीत जे मिटवायला गेले होते, त्याला एवढ्या पायऱ्या होत्या.

तिथल्या समुपदेशक ताई एक दिवस मला म्हणाल्या, आता तुम्ही बोला. मी म्हणाले, मला काय झालंय? आणि मग थांबलेच नाही. आवणीच्या वेळचं बोलणं, शपथ, मोटर, सगळं. "माझ्यामुळं झालं का हे?" त्या म्हणाल्या, "शपथेनं आजार होत नाही. शपथेनं तो लपला. आता लपलेला नाही." मला ते पटलं असं नाही. अजूनही पूर्ण पटत नाही. म्हणून त्या बोलावतात तेव्हा मी जाते. माझ्यासारखे घरचे लोक तिथे गोल करून बसतात. एका आजोबांनी मुलाच्या खोलीची कडी काढली होती आणि रात्रभर दारात झोपत होते. मी त्यांना म्हणाले, मी पण न्हाणीघराची काढलीय. आम्ही दोघं हसलो, आणि बाकीच्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

घरी आल्यावरचे दिवस सगळ्यात वाईट होते, हे मला कुणी सांगितलं असतं तरी खरं वाटलं नसतं. गोळ्या माझ्याकडे, रोजच्या रोज मी द्यायच्या. डॉक्टरांनी बजावलं होतं की अंगात बळ आधी येतं, मन नंतर उजळतं. त्या मधल्या काळात डोळ्यांत तेल घालून राहा. एका सकाळी हे लवकर उठले, अंघोळ केली, दाढी केली, स्वच्छ शर्ट घातला. सासूबाईंच्या चेहऱ्यावर आनंद मावेना. मी मात्र चहाचं पातेलं तसंच टाकून अनवाणी त्यांच्या मागे धावले. ते विहिरीकडच्या वाटेला लागले होते.

"कुटं चाललाय?"

ते वळले. माझ्या पायांकडे त्यांनी बघितलं. "भात पिवळं पडाय लागलंय का ते बगतो. ये की."

मी गेले. भात पिवळं पडायला लागलं होतं. विहिरीवरून येताना मी त्यांच्या आणि काठाच्या मधून चालले, आणि त्यांनी ते ओळखून चालू दिलं.

आता मार्गशीर्ष आहे. कापणी, झोडणी झाली. दिरांनी हत्यारांची पिशवी डॉक्टरांना विचारून परत दिली, आणि घरचा मिक्सर एकदाचा फिरला. हे लोणावळ्याला कामाला जातात, आठवड्यातले काही दिवस. लोक म्हणतात, सुटलात बाई. मी मान हलवते. हे न्हाणीत गेले आणि पाण्याचा आवाज थांबला की माझाही श्वास थांबतो. मग आतून ते खाकरतात, मुद्दाम, मला ऐकू यावं म्हणून.

परवा दुपारी मी नवा तांदूळ निवडत बसले होते. तेच सूप, तीच जागा. हे बाहेरून आले आणि उंबऱ्यावर बसले. मला त्यांच्या बसण्यावरूनच कळलं.

"आज आलतं मनात," ते म्हणाले. "सकाळधरनं हाय. गोठ्यात जाऊन आलो, तरी हाय."

माझी जुनी खोड उसळून वर आली. काय कमी आहे तुम्हाला, हे अगदी जिभेच्या टोकावर आलं. हात गळ्याकडे गेला होता. तो मी खाली आणला आणि सूप बाजूला ठेवलं.

"कसं करायचं ते बी आलं का मनात?"

"न्हाई. नुसतं आलं."

"बरं," मी म्हणाले. "सांगा."

ते सांगत राहिले, मी ऐकत राहिले. मग दिरांना हाक मारली, दवाखान्यात फोन लावला, उद्या सकाळी या म्हणाले. 'आज आलतं मनात', या जगात मला सगळ्यात नकोसं असलेलं वाक्य तेच आहे. आणि ज्या दिवशी ते मला ऐकू येतं, त्या रात्री मी झोपते.